वीस हजारांतले अठ्ठावीस

दरवर्षी जून महिन्यात अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरात औषध आणि जैवतंत्रज्ञान उद्योगातली माणसं चार दिवस एकत्र येतात. ‘बायो इंटरनॅशनल कन्व्हेन्शन’ हे त्या परिषदेचं नाव. 2024 साली ती सॅन दिएगोला भरली, 2025 साली बॉस्टनला. येणाऱ्यांची संख्या 20,000च्या आसपास असते. व्याख्यानं होतात, मोठं प्रदर्शन असतं, देशोदेशीची दालनं असतात. पण औषधाचा नवा रेणू घेऊन आलेल्या छोट्या कंपनीचं खरं काम होतं ते एका वेगळ्याच सभागृहात. तिथे आडोसे घालून शेकडो छोट्या खोल्या केलेल्या असतात. प्रत्येक खोलीला क्रमांक, आत एक टेबल आणि तीन-चार खुर्च्या. प्रत्येक भेटीला अर्धा तास. वेळ संपली की शेकडो खोल्यांमधली माणसं एकदमच उठतात, हातातल्या फोनवर पुढचा क्रमांक बघतात आणि दोन-तीन मिनिटांत नव्या माणसांसमोर बसतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे असंच चालू राहतं.

या सभागृहात कुणी सहज डोकावून ‘पाच मिनिटं मिळतील का’ असं विचारू शकत नाही. आतली प्रत्येक भेट परिषद सुरू होण्याच्या कितीतरी आठवडे आधी, संगणकावरच्या एका यादीतून ठरलेली असते. त्या यादीत येणाऱ्या कंपन्या, त्यांची माणसं, त्यांच्याकडे काय आहे आणि त्यांना काय हवं आहे याची नोंद असते. नोंदणीच्या ठरावीक प्रकारातच ही यादी आणि भेटींची सोय मिळते. फक्त प्रदर्शन बघण्याचा स्वस्त बिल्ला घेतला तर दार उघडत नाही. भारतातून पहिल्यांदा जाणाऱ्या काही कंपन्यांना हे विमानाची तिकिटं काढून झाल्यावर कळतं आणि मग चार दिवस प्रदर्शनात हिंडून, पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन परतावं लागतं.

यादी वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका उदाहरणातून पाहू. पुण्यातली आठ-दहा माणसांची एक संशोधन कंपनी डोळ्यांसमोर आणा. कंपनी कल्पनेतली आहे, पण तिची अडचण अगदी खरी आहे. तिने एक नवं प्रतिजैविक शोधलं आहे. रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात क्लेबसिएला नावाचा जिवाणू धुमाकूळ घालतो आणि कार्बापेनेम गटातली जबर औषधंही त्याला पुरी पडत नाहीत. अशा जिवाणूवर हा रेणू चालतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांवरच्या चाचण्या अजून सुरू व्हायच्या आहेत. त्या चाचण्यांचा खर्च या कंपनीच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेव्हा कुणीतरी भागीदार हवा, जो हक्क विकत घेईल, पैसे घालेल आणि रेणू पुढे नेईल. भारतीय प्रयोगशाळेतला रेणू या वाटेने औषध होऊ शकतो, याचा दाखला आहे. चेन्नईच्या ऑर्किडने शोधलेला एन्मेटाझोबॅक्टम युरोपातल्या अलेक्रा कंपनीने हक्क घेऊन पुढे नेला आणि फेब्रुवारी 2024मध्ये त्यापासून बनलेल्या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

आता या पुण्याच्या कंपनीने यादी उघडली की पहिली ओढ कुठे असते? मोठ्या नावांकडे. जगातल्या पहिल्या वीस औषध कंपन्यांची नावं ओळखीची असतात आणि त्यांच्याकडे पैसा असतो, म्हणून सगळ्यांना विनंत्या धाडल्या जातात. प्रतिजैविकांच्या बाबतीत ही ओढ विशेष घातक आहे, कारण गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी या क्षेत्रातून एकामागून एक पाय काढून घेतले. नोव्हार्टिसने 2018मध्ये प्रतिजैविकांचं संशोधन थांबवलं. त्याच वर्षी सनोफीने आपलं हे काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं. त्यामागचं कारण साधं आहे. नवं प्रतिजैविक डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, आणि ते तसंच वापरायला हवं. त्यामुळे विक्री कमी होते आणि खर्च भरून निघत नाही. जी कंपनी या विषयातून बाहेर पडली आहे तिथल्या माणसाला कितीही सुंदर पत्र लिहिलं तरी उत्तर नकाराचंच येणार. जपानची शिओनोगी मात्र या विषयात टिकून आहे. सेफिडेरोकॉल हे तिचं औषध अशाच हट्टी जिवाणूंविरुद्ध वापरलं जातं. यादीत असं एक नाव सापडणं हे दहा अवाढव्य नावांपेक्षा मोलाचं.

म्हणून यादीचं पहिलं वाचन हे वगळण्यासाठी असतं. हजारो नोंदींमधून ‘संसर्गजन्य आजार’ हा विषय निवडला की समजा तीनशे कंपन्या उरल्या. त्यांत लशी बनवणारे असतात, फक्त विषाणूंवर काम करणारे असतात, निदानाच्या चाचण्या विकणारे असतात. एक मोठा गट तर सेवा विकणाऱ्यांचा असतो: चाचण्या करून देणाऱ्या संस्था, सल्लागार, पेटंटचे वकील. हे सगळे बाजूला काढले की चाळीस-पन्नास उरतात. वधूवर सूचक मंडळाच्या वहीत अनुभवी आई जशी आधी ‘अपेक्षा’ हा रकाना वाचते, तसाच इथे ‘काय हवं आहे’ हा रकाना आधी वाचायचा, कंपनीचं नाव नंतर. त्या रकान्यात कुणी ‘माणसांवरची दुसऱ्या टप्प्याची चाचणी पूर्ण झालेली औषधंच’ असं लिहिलं असेल, तर उंदरांवरचे निष्कर्ष घेऊन तिथे जाण्यात दोघांचाही अर्धा तास वाया.

टप्प्याची ही बाब पैसे देणाऱ्या संस्थांनाही लागू पडते. प्रतिजैविकांसाठी काही खास निधी आहेत. कार्ब-एक्स ही 2016 साली सुरू झालेली, बॉस्टन विद्यापीठात मुख्यालय असलेली योजना सुरुवातीच्या टप्प्यातल्या कामाला अनुदान देते आणि त्या बदल्यात कंपनीचे समभाग मागत नाही. एएमआर अ‍ॅक्शन फंड हा मोठ्या औषध कंपन्यांनी 2020मध्ये जाहीर केलेला, साधारण शंभर कोटी डॉलरचा निधी. तो माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या औषधांत गुंतवणूक करतो. दोन्ही नावं एकाच विषयाची, दोन्ही चांगली. पण आपल्या पुण्याच्या कंपनीला आज पहिलं उपयोगी आहे आणि दुसरं कदाचित दोन-तीन वर्षांनी. हा फरक यादीत ठळक अक्षरांत लिहिलेला नसतो. त्यासाठी प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन त्यांनी आतापर्यंत कुणाला पैसे दिले, तेव्हा ते औषध कुठल्या टप्प्यावर होतं, हे बघावं लागतं. हे दुसरं वाचन. एका कंपनीला वीस मिनिटं धरली तर पन्नास कंपन्यांना सतरा तास लागतात. छोट्या कंपनीत ते काम संस्थापकालाच करावं लागतं, कारण आपला रेणू कुणाच्या कामात कुठे बसेल हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

या दुसऱ्या वाचनात बघायच्या दोन गोष्टी सहज निसटतात. एखाद्या कंपनीचं याच प्रकारचं औषध अलीकडे चाचणीत अपयशी ठरलं असेल, तर तिच्याकडे जागा रिकामी झालेली असते आणि त्या जिवाणूची माहिती असलेली माणसंही हाताशी असतात. अशी कंपनी वर आणायची. उलट एखाद्या कंपनीने गेल्याच वर्षी असाच रेणू विकत घेतला असेल, तर तिला आता दुसरा नको असतो. पण आपलं काम कुठवर आलं हे जाणून घ्यायला ती भेट जरूर स्वीकारते. ती भेट गोड होते, प्रश्न भरपूर विचारले जातात आणि पुढे काहीच घडत नाही.

तिसरं वाचन माणसांचं. एका मोठ्या कंपनीकडून पंचवीस-तीस जण आलेले असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा आपल्याशी संबंध नसतो. ‘अलायन्स मॅनेजमेंट’ असं पद असलेली व्यक्ती आधीच झालेले करार सांभाळते, नवे शोधत नाही. सरकारी धोरण बघणारे वेगळे, गुंतवणूकदारांशी बोलणारे वेगळे. आपल्याला हवं असतं ते ‘सर्च अँड इव्हॅल्युएशन’, म्हणजे बाहेरचे रेणू शोधून पारखणारं पथक, आणि त्यातही संसर्गजन्य आजार हा विषय ज्याच्याकडे आहे तो माणूस. उपाध्यक्ष हा शब्द बघून भुलू नये. अमेरिकी औषध कंपन्यांत उपाध्यक्ष अनेक असतात आणि त्या विषयाची पारख करणारी व्यक्ती दोन पायऱ्या खाली बसलेली असू शकते. आतल्या बैठकीत ‘हे बघण्यासारखं आहे’ असं म्हणायचं काम तिचंच असतं.

इतकं झाल्यावर समजा अठ्ठावीस नावं हातात राहिली. आता विनंती पाठवायची. या व्यवस्थेत विनंतीसोबत छोटा संदेश लिहिता येतो, आणि मोठ्या कंपनीकडे अशा विनंत्यांचा ढीग पडलेला असतो. वाचणारा माणूस तुमचं माहितीपत्रक उघडत नाही, पहिली दोन वाक्यं वाचतो. ‘आम्ही पुण्यातील एक नावीन्यपूर्ण कंपनी असून परस्पर सहकार्याच्या संधींविषयी चर्चा करू इच्छितो’ हे वाक्य मी इतक्या रूपांत वाचलं आहे की ते कुणी, कशासाठी लिहिलं हे आठवतही नाही. त्यात नकार द्यायलासुद्धा काही सापडत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या क्लेबसिएलावर चालणारा आमचा रेणू उंदराच्या मांडीतल्या संसर्गाच्या प्रयोगात परिणामकारक ठरला आहे. एनडीएम आणि केपीसी, दोन्ही प्रकारच्या जिवाणूंवरचे निष्कर्ष उपलब्ध आहेत. पेटंटचा अर्ज दाखल आहे. तुमच्या कंपनीचं या गटातलं काम पाहता जपान आणि पूर्व आशियाच्या हक्कांविषयी बोलायचं आहे.’ चार वाक्यांत वाचणाऱ्याला जिवाणू कळला, पुरावा कळला, कायदेशीर स्थिती कळली आणि मागणी कळली. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला एवढं पुरतं.

त्यातला एनडीएम आणि केपीसीचा उल्लेख भरीचा नाही. औषधाला निकामी करणारी ही जिवाणूंची दोन वेगवेगळी विकरं आहेत. भारतात एनडीएम जास्त आढळतं, तर अमेरिकेत केपीसीचा प्रादुर्भाव दीर्घकाळ जास्त राहिला आहे. पुण्याच्या कंपनीने साहजिकच इथल्या रुग्णालयांतून मिळालेल्या जिवाणूंवर प्रयोग केलेले असतात. समोरचा अमेरिकी माणूस पहिल्या पाच मिनिटांत केपीसीबद्दल विचारणार. उत्तर नसेल तर भेट तिथेच संपली, उरलेली पंचवीस मिनिटं केवळ सभ्यता. हा प्रश्न एप्रिलमध्ये यादी वाचताना लक्षात आला तर प्रयोग करून घ्यायला वेळ असतो. जूनमध्ये टेबलावर बसल्यावर नसतो. यादी लवकर वाचायचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच आहे. आपल्या कामात नेमकी कुठली पोकळी आहे, हे समोर कोण बसणार ते ठरल्यावरच स्पष्ट दिसतं.

पेटंटचंही तसंच. गोपनीयतेचा करार झालेला नसताना समोरच्याला रेणूची रचना सांगितली तर ती जाहीर वाच्यता ठरू शकते, आणि युरोपात अर्ज करण्याआधी झालेल्या जाहीर वाच्यतेने पेटंटचा हक्क जाऊ शकतो. परिषदेतल्या अर्ध्या तासाच्या पहिल्या भेटीत असे करार सहसा होत नाहीत. म्हणून अर्ज दाखल झाल्यावरच जायचं, आणि गेल्यावरही रचना न दाखवता निष्कर्ष दाखवणारी दहा-बारा पानांची वेगळी मांडणी तयार ठेवायची.

अठ्ठावीस विनंत्यांपैकी समजा अकरा स्वीकारल्या गेल्या, नऊ नाकारल्या गेल्या आणि आठांचं काहीच उत्तर आलं नाही. अकरा हा वाईट आकडा नाही. उत्तर न आलेल्यांना दोन आठवड्यांनी एक ओळ लिहावी, शक्यतो त्याच कंपनीतल्या दुसऱ्या योग्य व्यक्तीला. नकार आलेल्यांना आभाराची एक ओळ लिहून कारण विचारावं. ‘आमच्यासाठी अजून फार लवकर आहे’ हे उत्तर आलं तर ते जपून ठेवावं, त्याचा उपयोग पुढे आहे.

याच काळात उलट दिशेनेही विनंत्या येऊ लागतात. कंपनीची माहिती यादीत दिसली की सेवा विकणाऱ्यांचे संदेश सुरू होतात, आणि ते इतके अगत्याचे असतात की ‘हो’ म्हणावंसं वाटतं. वेळापत्रकाचे रिकामे चौकोन भरत जातात आणि मनाला बरं वाटतं. छोट्या कंपन्यांचे दिवस सर्वांत जास्त इथेच खर्ची पडतात. ओळखायची खूण सोपी आहे. ठरलेल्या प्रत्येक भेटीसमोर विनंती कुणी केली होती हे लिहायचं आणि त्या टेबलावर पैसे कोणत्या दिशेने जाणार ते लिहायचं. निम्म्याहून जास्त भेटींत पैसे आपल्या खिशातून जाणार असतील तर आपण गिऱ्हाईक म्हणून चाललो आहोत, भागीदार शोधायला नाही. चाचणी करून देणारी एखादी संस्था आपल्याला खरोखर हवी असते. तिला जरूर भेटावं, पण अशा दोन भेटी पुरेत, आणि त्या शेवटच्या दिवशी ठेवाव्यात.

शेवटच्या दिवसाचा उल्लेख आला म्हणून वेळापत्रकाबद्दल थोडं. भेट दोन्ही बाजूंनी मान्य झाली की दोघांच्या मोकळ्या वेळा बघून यंत्रणाच ती कुठेतरी बसवते. आपण सगळा दिवस मोकळा दाखवला तर सर्वांत महत्त्वाची भेट पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला येऊ शकते. बॉस्टन जूनमध्ये आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, सॅन दिएगो साडेबारा तास. आदल्या संध्याकाळी उतरलेल्या माणसाचं डोकं तेव्हा चालत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला तर पुण्यातली मध्यरात्र असते आणि झोप अनावर होते. म्हणून विनंत्या पाठवण्याआधीच आपल्या वेळा अडवून ठेवायच्या. पहिल्या दिवशी सकाळी कमी महत्त्वाच्या एक-दोन भेटी घ्याव्यात, त्यात बोलणं घासूनपुसून निघतं. मोलाच्या भेटी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी यायला हव्यात. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत बरीच माणसं विमानतळाकडे निघालेली असतात, तेव्हा त्या दिवसावर काही मोठं टांगून ठेवू नये.

सलग तीन भेटींनंतर एक चौकोन रिकामा ठेवायचा, आणि तो विश्रांतीसाठी नसतो. त्या अर्ध्या तासात तिन्ही भेटींत कोण काय म्हणालं, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला आणि कुणाला काय पाठवायचं कबूल केलं, हे लिहून काढायचं. संध्याकाळपर्यंत थांबलं तर सहाव्या भेटीतला चेहरा आणि दुसऱ्या भेटीतलं वाक्य एकमेकांत मिसळतं.

कधी भेट मान्य होते पण दोघांच्या जुळणाऱ्या वेळाच उरलेल्या नसतात, म्हणून ती यंत्रणेत लोंबकळत राहते. बरेच जण ती गेली असं समजतात. तसं नसतं, समोरच्याने ‘हो’ म्हटलेलं असतं. त्याला सरळ लिहावं की सकाळी सभागृह उघडण्याआधी कॉफीला भेटू, किंवा तुमच्या दालनापाशी दहा मिनिटांसाठी येतो. काही वेळा हीच भेट चांगली होते, कारण पुढच्या खोलीकडे धावण्याची घाई नसते. ठरलेल्या खोलीत समोरचं माणूस आलंच नाही, असंही होतं. आदल्या दिवशी ‘उद्या अमुक वाजता अमुक खोलीत भेटू’ असा संदेश टाकला की हे प्रमाण कमी होतं. दहा मिनिटं वाट बघून तिथूनच नव्या वेळेचा संदेश पाठवावा, नाराजी न दाखवता.

दोघे गेले असतील, एक शास्त्रज्ञ आणि एक व्यवहार बघणारा, तर प्रत्येक भेटीला दोघांनी बसायचं की वाटून घ्यायचं, हा प्रश्न पडतो. वाटून घेतलं तर भेटींची संख्या दुप्पट होते. तरीही शिओनोगीसारख्या कंपनीसमोर किंवा निधी देणाऱ्यांसमोर मी दोघांनाही बसवेन. तिथे प्रश्न जिवाणूचा असतो आणि ‘विचारून सांगतो’ या उत्तराने पारख करणाऱ्याचा रस कमी होतो. बाकीच्या भेटी खुशाल वाटून घ्याव्यात.

चार दिवसांत अकरा भेटी झाल्या तर त्यांतल्या तीन-चारच पुढे सरकतील. पुढे सरकणं म्हणजे गोपनीयतेचा करार, मग निष्कर्षांची सविस्तर देवाणघेवाण, मग समोरच्यांच्या शास्त्रज्ञांशी बोलणं. यात महिनोन् महिने जातात. दरम्यान ज्यांनी ‘अजून लवकर आहे’ म्हटलं होतं त्यांची नावं वेगळ्या पानावर लिहायची, आणि प्रत्येक नावासमोर त्यांना कुठला टप्पा हवा आहे ते. रेणू माणसांवरच्या पहिल्या चाचणीत गेला की त्या पानावरच्या प्रत्येकाला दोन ओळींचं पत्र जातं. पुढच्या वर्षीची यादी उघडेल तेव्हा पहिल्या विनंत्या याच पानावरून पाठवायच्या.